भवानीचं गिऱ्हाईक

हिराक्का दुधी विकत घेण्याआधी त्याला नख लावायच्या. भेंडीचं टोक मोडून बघायच्या, मटारची शेंग सोलून दाणा दाताखाली धरायच्या, मेथीची जुडी उलटी करून झटकायच्या आणि खाली पाणी पडलं की म्हणायच्या, "पाणी काय भावानं देतोस रे सलीम?" आमच्या वाघोलीतल्या त्या रस्त्यावर विश्वास कुणीच कुणावर ठेवत नाही. पण तो न ठेवण्याचं काम इतक्या मनापासून करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

माझं पिको-फॉलचं दुकान सलीमभाईच्या भाजीच्या बरोबर शेजारी. मधे फक्त एक पत्र्याचा आडोसा. त्यामुळे सकाळी शटर वर करून मी मशीनला तेल घालत असे, तेव्हा पलीकडचं सगळं संभाषण आपोआप कानावर पडे. मी मुद्दाम ऐकत नसे असं म्हणणार होते, पण ते खोटं होईल.

सलीम बागवानांच्या घरात भाजीचा धंदा तीन पिढ्यांचा. आजोबांचा मंडईत गाळा होता. वाटण्या झाल्या, गाळा थोरल्या चुलत्यांकडे गेला आणि सलीमभाई इकडे, नव्या इमारतींच्या पायथ्याशी आले. समोरची साठ घरांची सोसायटी हेच त्यांचं खरं गिऱ्हाईक. बाकी जाता-येता गाडी थांबवून कोथिंबीर घेणारे. त्यांच्यावर कुणाचं घर चालत नाही. सोसायटी टिकली तर धंदा टिकणार, एवढं सरळ होतं ते.

हिराक्का त्याच सोसायटीत राहायच्या. सोसायटी उभी राहिली त्या जमिनीत त्यांचं एक वावर होतं. मुलानं ते बिल्डरला दिलं आणि बदल्यात दोन फ्लॅट घेतले. एक भाड्याने दिला, दुसऱ्यात हिराक्का एकट्या. मुलगा बायको-पोरांना घेऊन लोणी काळभोरला, सासरवाडीच्या जवळ. "माझ्या वांग्याच्या वाफ्यावर आता लिफ्ट हाय," असं त्या नवीन माणसाला पहिल्याच भेटीत सांगायच्या. ते दुःख म्हणून सांगायच्या की बढाई म्हणून, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

सलीमभाईचा टेम्पो मार्केट यार्डातून सकाळी येई. क्रेट अजून उतरत असत, पाटीवर पाणी मारलेलं नसे, आणि हिराक्का तीन पिशव्या घेऊन हजर. कारण उघड होतं. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हा सलीमभाईचा त्यांच्या आजोबांपासूनचा नेम. पहिली नोट आली की ती काट्याला लावायची, कपाळाला लावायची आणि मग दिवस सुरू. पहिलं गिऱ्हाईक चिडून निघून गेलं की तो माणूस दिवसभर उदास असे आणि पावशेराला पाव तोळा कमी पडला तरी त्याचा दोष सकाळवर ढकलत असे. हिराक्कांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या पहिल्या येत आणि पाय रोवून उभ्या राहत.

"टोमॅटो काय लावलास?"

"पस्तीस, आक्का."

"पस्तीस? काय सोनं भरलंय का त्यात? पंचवीस लाव."

"अहो आक्का, मला पडलेच..."

"तुला कितीला पडलं ते मला नगं सांगू. मी पिकवलंय. पंचवीस."

यात दोघांची एक गंमत होती. सलीमभाई त्यांना मुळातच पाच रुपये वाढवून सांगत, कारण त्या पाच कमी करणारच. हिराक्का दहा कमी मागत, कारण त्यानं पाच वाढवलेले असणारच. शेवटी सौदा ज्या आकड्यावर पटायचा तो दोघांना आधीच माहीत असायचा, पण त्या आकड्यापर्यंत चालत जाणं दोघांनाही आवश्यक वाटे. वर चार काड्या कोथिंबीर आणि दोन मिरच्या फुकट. हा व्यवहार वर्षानुवर्षं सुखाने चालला होता.

मग भाव चढू लागले. भाजीचेच नव्हे, भाजी इथवर येण्याचेही. डिझेल वाढलं तसं टेम्पोवाल्यानं भाडं वाढवलं. चौघे भाजीवाले मिळून टेम्पो करायचे, त्यातल्या एकानं धंदा सोडला, म्हणजे चौघांचं भाडं तिघांवर आलं. यार्डात गाळ्यावरून सरळ घ्यायचं तर अख्खा ढीग उचलावा लागतो. सलीमभाईसारख्याला प्रत्येक भाजीचे एक-दोन क्रेट पुरे, म्हणून मधल्या माणसाकडून घ्यायचं आणि त्याचे वरचे पैसे द्यायचे. पालेभाजी तिथे शंभर जुड्यांच्या हिशेबाने सुटते. घरी आणेपर्यंत त्यातल्या दहा-बारा पिवळ्या निघतात. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वरचा थर पाहण्यासारखा असतो आणि तळाचा दाबून मऊ झालेला. ते मऊ टोमॅटो संध्याकाळी वडापाववाला चटणीला उचलतो, मिळेल त्या भावात. जागेचं भाडं, दिव्याचं बिल, कागदी पिशव्या, हे सगळं उरलेल्या चांगल्या टोमॅटोंच्या डोक्यावर बसतं.

हे मी इतक्या खात्रीनं लिहिते आहे कारण सलीमभाई हे रोज हिराक्कांना समजावून सांगत आणि हिराक्का ते रोज फेटाळून लावत.

एकदा हमालीवरून जुंपली. सलीमभाई म्हणाले, हमाली वाढली. हिराक्कांचे डोळे बारीक झाले.

"हमाली? आमचा माल यार्डात गेला की हिशेबाच्या पट्टीत हमाली कापून यायची. शेतकऱ्याकडनं कापली ना? मग तू कशाची देतोस?"

"आक्का, ती उतरवायची. ही चढवायची. गाळ्यापासून माझ्या टेम्पोपर्यंत."

"म्हंजे एकाच पोत्याची दोनदा?"

"एकाच पोत्याची दोनदा."

हिराक्कांनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, पटलं. मग त्या म्हणाल्या, "तरीच. आमालाबी लुटलं आणि तुलाबी. पण तू ते माझ्याकडनं काढू नगंस." त्यात तर्क होता, फक्त सलीमभाईच्या कामाचा नव्हता.

दुसऱ्यांदा काट्यावरून. इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एके सकाळी त्यांनी कमरेच्या पिशवीतून लोखंडी अर्ध्या किलोचं माप काढलं, पूर्वीच्या घरचं, आणि सलीमभाईच्या काट्यावर ठेवलं. काट्यानं बरोबर अर्धा किलो दाखवला. दुसरं कोणी असतं तर ओशाळलं असतं. हिराक्का म्हणाल्या, "आज सरळ हाय," आणि माप परत पिशवीत ठेवलं. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून सुईत दोरा ओवू लागले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

कोथिंबीर चाळीसला जुडी झाली त्या आठवड्यात मात्र कुणालाच हसू आलं नाही. सलीमभाईंनी वरची कोथिंबीर बंद केली. हिराक्का पैसे देऊन तिथेच उभ्या. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली. शेवटी सलीमभाईंनी दोन काड्या पिशवीत टाकल्या. हिराक्कांनी त्या बोटांच्या चिमटीत वर धरल्या, उजेडाकडे करून बघितल्या. "वास घेण्यापुरती दिलीस व्हय?" असं म्हणून गेल्या. पण गेल्या त्या काड्या घेऊन.

याच सुमारास सलीमभाईच्या मनात संशयानं घर केलं. एकटी बाई. वय सत्तरीच्या पुढे. रोज तीन पिशव्या भरून भाजी कुठे जाते? दोन किलो टोमॅटो, दीड किलो कांदे, किलोभर गवार, चार जुड्या मेथी. एकट्या माणसाला एवढं खायचं तर सकाळपासून दुसरं काही करता यायचं नाही.

"ताई, मला वाटतं आक्का माल विकतात," ते एकदा आडोशापलीकडून हळूच म्हणाले. "माझ्याकडून भवानीच्या भावात घ्यायचं आणि वर चार रुपये लावून सोसायटीत फिरवायचं. शेतकऱ्याची बाई आहे, धंदा येतोच."

मला ते तंतोतंत पटलं. मी पेठेत वाढलेली. दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे आणि का आहे, हा विचार आमच्या रक्तातच. तेव्हापासून मीही हिराक्कांकडे निराळ्या नजरेनं पाहू लागले. त्या पिशव्या उचलताना कशा इकडेतिकडे बघतात, कमरेच्या चंचीत सुटे पैसे किती असतात, फाटकातून आत गेल्यावर डावीकडे वळतात की सरळ जातात. सगळंच संशयास्पद दिसू लागलं.

सलीमभाईंनी एक युक्ती काढली. हिराक्का यायच्या आत दुसऱ्या कुणाची भवानी करून टाकायची. म्हणजे त्या दुसऱ्या ठरतील आणि त्यांचा तो खास हक्क जाईल. ते दुसरं कुणी म्हणजे मी. सकाळी शटर उघडलं की पाच रुपयांची लिंबं घ्यायची, एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी मी लिंबं घेतली, नोट काट्याला लागली, आणि हिराक्का आल्या. त्यांनी माझ्या हातातल्या लिंबांकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, सलीमभाईकडे पाहिलं.

"टेलरबाई, तुमच्या घराम्होरं लिंबाचं झाड हाय ना?"

मी काहीतरी पुटपुटले.

"मग ही लिंबं कशापायी?" त्या सलीमभाईकडे वळल्या. "नाटकं करतोस व्हय? उद्यापासनं मी टेम्पोच्या आधी यीन."

आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून त्या टेम्पो यायच्या आधी येऊन दुकानापुढच्या फळकुटावर बसू लागल्या. माझी लिंबं बंद झाली.

पण त्या गडबडीत एक गोष्ट आमच्या दोघांच्याही उशिरा लक्षात आली. सोसायटीतल्या बायका यायच्या कमी झाल्या होत्या. पूर्वी संध्याकाळी जिथे गर्दी असायची तिथे आता सलीमभाई एकटेच पालकावर पाणी शिंपडत बसलेले असत. ज्या येत त्या भाव विचारत, एकमेकींकडे बघत आणि "नंतर येते" म्हणत. एक-दोघी तर फोनवर मागवलेली भाजी त्यांच्या समोरून नेत. सलीमभाईंना वाटलं, कोपऱ्यावरच्या नव्या भाजीवाल्यानं काही पसरवलं. मला वाटलं, मोबाईलवरच्या सवलती. मऊ टोमॅटोंचा ढीग मात्र रोज वाढत होता, आणि वडापाववाला तरी किती चटणी करणार? सलीमभाई जागा सोडायचं बोलू लागले. चुलत्यांच्या गाळ्यावर जाऊन हाताखाली उभं राहायचं, असं. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नसत.

उलगडा झाला तो एका शनिवारी. सुट्टी म्हणून सोसायटीतल्या तिघी-चौघी सकाळीच खाली उतरल्या होत्या. हिराक्का फळकुटावर, पिशव्या भरून झालेल्या, पंचावन्नला टोमॅटोचा सौदा नुकताच पटलेला. त्या बायकांमधली एक, चष्मेवाली, आयटीत आहे, तिनं विचारलं, "भैया, टोमॅटो कसे?"

"साठ, मॅडम."

"साठ?" ती बाकीच्यांकडे वळली. "बघितलंत? मी म्हटलं नव्हतं?" मग सलीमभाईला शुद्ध मराठीत, अगदी शांतपणे, जसं पुण्यात अपमान करायचा असतो तसं म्हणाली, "अहो, आक्कांना आपण तीसनं देता. आमच्याकडून डबल घेता. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो म्हणून आम्हाला काही कळत नाही, असं आपल्याला वाटतं का?"

सलीमभाईंना कळेना. "तीस? कोण तीस?"

"रोज आक्का आमच्या सगळ्यांसाठी भाजी आणतात. टोमॅटो तीस, गवार चाळीस, मेथी दहा. गेली दोन वर्षं हाच भाव. आमच्या मजल्यावरच्या सहा घरांची आणि खालच्या पाच घरांची. मग आम्ही आपल्याकडे साठ का द्यायचे? हा प्रामाणिकपणा झाला का?"

आता माझ्या मशीनचं चाक थांबलं. तीन पिशव्यांचा हिशेब समोर उभा होता. हिराक्का भाजी विकत होत्या, पण वर चार रुपये लावून नाही. खाली पंचवीस रुपये सोडून. भाव चढले, पण त्यांनी वर जाऊन सांगितलेला भाव चढला नाही. खाली जितकं घासाघीस करून मिळवता येईल तितकं मिळवायचं आणि उरलेलं भाड्याच्या पैशातून भरायचं. म्हणून पाच-पाच रुपयांसाठी तो जीव तोडून चाललेला झगडा.

सलीमभाईंनाही ते त्याच क्षणी कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. एक वाक्य बोलले असते तर त्यांची अब्रू परत मिळाली असती. "आक्कांना विचारा, आत्ता किती दिले?" एवढंच. सोसायटी परत आली असती, जागा सोडायची पाळी आली नसती. आणि हिराक्का त्या चौघींसमोर खोट्या पडल्या असत्या.

त्यांनी हिराक्कांकडे पाहिलं. हिराक्का पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

"मॅडम," सलीमभाई म्हणाले, "त्यांची भवानी असते. भवानीचा भाव वेगळा. आमच्यात तसं आहे. पहिल्या गिऱ्हाइकाला नफा लावत नाही."

चांगलं बोलले. मला वाटलं, झालं, सुटले. एवढ्या वर्षांच्या छळानंतर त्या माणसानं आपल्याच पोटावर पाय देऊन म्हातारीला वाचवलं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला.

हिराक्का उठल्या.

"खोटं बोलतोय," त्या म्हणाल्या.

सगळ्या त्यांच्याकडे वळल्या.

"तीसनं कुणाला परवडंल? यार्डातच चाळीसच्या वर हाय. वर टेम्पो, दोनदाची हमाली, तळचा माल मऊ निघतो तो निराळाच. ह्यो तीसनं देईल तर ह्याची पोरं काय खातील?" त्यांनी पिशवी वर केली. "पंचावन्न दिले म्या. आत्ता. तीसच्या वरचं माझं."

इतकी वर्षं सलीमभाईच्या तोंडचं जे जे त्यांनी फेटाळलं होतं, ते सगळं त्यांनी एका दमात त्याच्या बाजूनं सांगून टाकलं. एकही शब्द चुकला नाही. म्हणजे रोज ऐकत होत्या, रोज पटत होतं, आणि रोज नाही म्हणत होत्या.

चष्मेवालीचा चेहरा उतरला. ती वाईट मुलगी नव्हती. "अहो आक्का, सांगायचं ना आम्हाला," एवढं तिनं कसंबसं म्हटलं.  हिराक्कांनी तिन्ही पिशव्या उचलल्या आणि त्या फाटकातून आत गेल्या. कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर जे झालं ते सगळं चांगल्या मनानं झालं, म्हणून त्याबद्दल कुणाला बोलही लावता येत नाही. अकरा घरांनी मिळून आक्कांना पैसे द्यायचं ठरवलं. आक्कांनी घेतले नाहीत. मग त्यांना या वयात त्रास नको, ओझं नको, असं सगळ्यांनी ठरवलं. संध्याकाळी बायका स्वतः खाली येऊ लागल्या. सलीमभाईंची माफी मागितली, साठचा टोमॅटो साठला घेतला, आणि एकीनं तर कोथिंबिरीचेही पैसे काढून दिले. पालक सुकण्याच्या आत संपू लागला. जागा सोडायचं बोलणं बंद झालं. आणि हिराक्कांची सकाळची दारोदारची फेरी थांबली. चष्मेवालीनंच मला हे सांगितलं, ब्लाउज टाकायला आली तेव्हा. सकाळी आक्का प्रत्येक दारात भाजी निवडून देत, कुणाला पित्त आहे, कुणाचं बाळ अजून पातळ खातं, कोण नवऱ्याशी भांडली आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असे. "आता त्या दार उघडतच नाहीत फारसं," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यावर नजर ठेवताना मी एकदाही हा विचार केला नव्हता की एकट्या बाईला अकरा दारं वाजवायला काही कारण लागतं.

आठ-दहा दिवस हिराक्का दिसल्याच नाहीत. सलीमभाई टेम्पो आला की फळकुटाकडे बघत. भवानी कुणाचीही होऊ लागली.

मग एका सकाळी त्या आल्या. दहा वाजून गेले होते, ऊन चढलं होतं. हातात एकच कापडी पिशवी. दोन गिऱ्हाइकं पुढे होती, त्यांच्या मागे नीट उभ्या राहिल्या. पाळी आली तेव्हा गवारीच्या ढिगाला हातही न लावता म्हणाल्या, "पावशेर गवार."

सलीमभाईंनी गवार तोलली. जरा जास्तच तोलली. "पंधरा द्या, आक्का."

हिराक्कांनी वर पाहिलं. डोळे तसेच बारीक झाले.

"आत्ता म्होरच्या बाईला वीसनं दिलीस. मला पंधरा का? कालची हाय व्हय?"

"नाही आक्का. आजची आहे. ताजी आहे."

"मग पुरा भाव घे."

"आक्का, कधी नव्हे ते मी स्वतःहून कमी..."

"कमी करून आता मी कुणाला सांगू?"

त्यांनी विसाची नोट काट्यावर ठेवली, जास्तीच्या शेंगा वेचून ढिगात परत टाकल्या आणि पिशवी काखेत मारून गेल्या.